शाफ्ट तुटला, खापर बेल्टवर फुटलं: बिघाड-विश्लेषण अहवाल संपादित करताना पुरावा, कारण आणि उपाय वेगळे कसे ठेवावेत

कारखान्यात एखादा भाग तुटला की त्याचा अहवाल बहुतेक वेळा त्याच माणसाला लिहावा लागतो, ज्याने रात्रभर जागून मशीन पुन्हा चालू केलेलं असतं. काय दिसलं, का झालं आणि आपण काय केलं हे सगळं त्याच्या डोक्यात एकाच दमात असतं, आणि कागदावरही ते तसंच उतरतं. मग क्वालिटीतला कुणीतरी किंवा नव्याने रुजू झालेला इंजिनिअर तो अहवाल ‘जरा नीट करून’ ग्राहकाला किंवा ऑडिटरला पाठवायला बसतो. तिथे त्याने फक्त शुद्धलेखन सुधारलं, तर चुकीचं कारण शुद्ध मराठीत पुढे जातं.

काम सुरू करण्याआधी तीन शब्द पक्के करून घ्या. पुरावा म्हणजे जे पाहिलं, मोजलं किंवा नोंदीत सापडलं ते. तुमच्याशी वाद घालणारा माणूसही तो भाग हातात घेऊन ‘हो, हे असंच आहे’ म्हणेल, तर तो पुरावा. कारण हा त्या पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष असतो, त्यावर वाद होऊ शकतो आणि व्हायलाही हवा. उपाय म्हणजे ते कारण काढून टाकणारी कृती. तुटलेला भाग बदलणं ही फक्त दुरुस्ती झाली. आयएसओ 9000 च्या व्याख्यांमध्येही दुरुस्ती आणि सुधारात्मक कृती वेगवेगळ्या दिल्या आहेत. आपल्याकडच्या अहवालांत मात्र या दोन्ही सर्रास एकाच रकान्यात सापडतात.

शिकण्यासाठी एक उदाहरण घेऊ. व्ही-बेल्टवर चालणारा एक ब्लोअर आहे. त्याचा शाफ्ट पुलीकडच्या बेअरिंगजवळ तुटला. मेंटेनन्सकडून आलेला मजकूर असा:

> दि. 2 जून रोजी ब्लोअरचा शाफ्ट पुलीकडील बेअरिंगजवळ फटीगमुळे तुटल्याचे आढळले. दि. 30 मे रोजी बेल्ट बदलताना तो प्रमाणाबाहेर ताणला गेल्याने शाफ्टवर जादा लोड येऊन क्रॅक गेला. मटेरियल योग्य आहे. शाफ्ट बदलण्यात आला असून बेल्ट टेन्शन गेज वापरण्याच्या सूचना देण्यात आल्या आहेत, त्यामुळे पुन्हा असे होणार नाही.

वाचायला सुटसुटीत आहे, व्याकरणही ठीक आहे. कुणीही सही करून पुढे पाठवेल असा मजकूर.

पायरी 1: मजकुराला हात लावण्याआधी जोडपत्रं मागवा

तुटीचे फोटो, लॅबचा रिपोर्ट, मोजमापाचा कागद, भागाचं ड्रॉइंग, त्या आठवड्यांची लॉगबुकची पानं आणि तो भाग खरेदी केला त्याची ऑर्डर एवढं तरी समोर हवं. जोडपत्रं नसतील तर वाक्य पुराव्याचं आहे की अंदाजाचं, हे वाक्याकडे बघून कळत नाही. ‘रेडियस कमी होता’ हे मोजून लिहिलं आहे की नखाने चाचपून, ते मोजमापाच्या कागदावरच दिसतं.

सोबत एक प्रश्न आवर्जून विचारा: तुटलेल्या तुकड्यांचं पुढे काय झालं? तुटीचा पृष्ठभाग वायर ब्रशने घासला असेल, किंवा ‘बसतं का बघू’ म्हणून दोन तुकडे एकमेकांवर दाबून पाहिले असतील, तर बारीक खुणा पुसल्या गेल्या असतील. असं झालं असेल तर ते अहवालात लिहायचं. लाज वाटते म्हणून हे वाक्य गाळलं जातं, आणि पुढे लॅबने ‘पृष्ठभाग खराब झाल्याने निष्कर्ष काढता आला नाही’ असं लिहिलं की दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात.

पायरी 2: वाक्यं फोडा

मूळ मजकुराची एक प्रत काढा आणि प्रत्येक वाक्याच्या समासात पु, का किंवा उ लिहा. ज्या वाक्यापुढे दोन अक्षरं लिहावीशी वाटतील, ते वाक्य फोडायचं आहे.

मराठीत हे मिश्रण कुठे लपतं ते ओळखता आलं पाहिजे. ‘मुळे’, ‘म्हणून’, ‘कारण’ हे शब्द डोळ्यांत भरतात, ते कुणीही पकडेल. चकवतो तो ‘ऊन’ प्रत्यय. ‘जादा लोड येऊन क्रॅक गेला’ यात ‘येऊन’ नुसता क्रम सांगतो असं वाटतं. आधी लोड आला, मग क्रॅक गेला. प्रत्यक्षात तो कार्यकारणभाव सांगतो आहे आणि त्यासाठी एकही पुरावा देत नाही. ‘ताणला गेल्याने’ मधला ‘ल्याने’ही तसाच. अशी वाक्यं मधोमध तोडली की दोन स्वतंत्र दावे उघडे पडतात: बेल्ट जास्त ताणला होता, आणि त्या ताणाने क्रॅक गेला. आता दोन्हींसाठी वेगवेगळा पुरावा मागता येतो.

दुसरा चकवा म्हणजे ‘आढळले’. शाफ्ट तुटलेला आढळतो, खुणा आढळतात. फटीग, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या लोडने क्रॅक हळूहळू वाढत जाणं, ‘आढळत’ नाही. खुणांवरून फटीग झालं असं आपण ठरवतो. ‘फटीगमुळे तुटल्याचे आढळले’ या वाक्यात निष्कर्षाला निरीक्षणाचा कोट चढवला आहे. ‘दिसून येते’ आणि ‘निदर्शनास आले’ यांनाही हाच संशय लावा.

तिसरा चकवा उपायांच्या वाक्यांत असतो: ‘बदलण्यात आला’, ‘सूचना देण्यात आल्या’, ‘दक्षता घेण्यात येईल’. कर्मणी प्रयोगात माणूसही गायब होतो आणि तारीखही. कुणी, कधी, कशाने बदललं हे विचारल्याशिवाय असं वाक्य ठेवू नका. आपल्या उदाहरणात याच एका प्रश्नावर अख्खा अहवाल फिरला, ते पुढे येईलच.

‘मटेरियल योग्य आहे’ या तीन शब्दांपुढे पु लिहायचं की का? खरं तर दोन्ही नाही. ‘योग्य’ हा निवाडा आहे आणि तो कशाच्या तुलनेत दिला ते सांगितलेलं नाही. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका आणि लॅबचा कागद उघडा.

पायरी 3: पुराव्याचा भाग आधी आणि एकटा लिहा

फोडलेल्या वाक्यांतली पु-ची वाक्यं आणि जोडपत्रांतली माहिती एकत्र करून क्रमांक द्या. या भागात एकही ‘मुळे’ नको. उदाहरणातला पुरावा असा तयार होतो:

पु-1. शाफ्ट पुलीकडील बेअरिंगच्या शोल्डरला तुटला. या ठिकाणी व्यास 50 मि.मी. वरून 62 मि.मी. होतो. (फोटो 1, 2)

पु-2. तुटीच्या काठावर सर्व बाजूंनी रॅचेट मार्क आहेत. त्यांच्या आत बीच मार्क आहेत. शेवटी तुटलेला खडबडीत भाग मध्याजवळ असून तो एकूण क्षेत्राच्या अंदाजे 10 टक्के आहे. (डोळ्यांनी व 10 पट भिंगातून, फोटो 3, 4)

पु-3. तुटलेल्या शोल्डरचा फिलेट रेडियस पृष्ठभाग घासला गेल्याने मोजता आला नाही. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या शोल्डरचा रेडियस 0.3 मि.मी. भरला. (सिलिकॉन रबरचा ठसा, प्रोफाइल प्रोजेक्टर) ड्रॉइंगमध्ये दोन्ही ठिकाणी 1.5 मि.मी. आहे.

पु-4. कडकपणा तीन ठिकाणी 212, 215 व 217 ब्रिनेल. ड्रॉइंगमध्ये ईएन 8, ‘आर’ स्थिती. तिची मर्यादा 201 ते 255 ब्रिनेल. (लॅब रिपोर्ट)

पु-5. शाफ्ट 14 मार्चला बसवला, 2 जूनला तुटला. ब्लोअर रोज साधारण 20 तास, मिनिटाला 960 फेऱ्यांनी चालतो. (लॉगबुक)

पु-6. 30 मे रोजी बेल्ट बदलले. त्या वेळी ताण मोजल्याची नोंद नाही. (लॉगबुक)

पु-7. खरेदी ऑर्डरमध्ये ‘नमुन्याप्रमाणे शाफ्ट, 3 नग’ एवढाच मजकूर आहे, ड्रॉइंग क्रमांक नाही. इनवर्ड तपासणीच्या कागदावर फक्त व्यास व लांबी यांचे रकाने भरले आहेत.

यातल्या दोन-तीन ओळींपाशी थांबायला हवं. पु-2 मध्ये फटीग हा शब्दच नाही. रॅचेट मार्क म्हणजे काठापासून आत जाणाऱ्या लहान पायऱ्या. शेजारशेजारच्या दोन क्रॅक वेगवेगळ्या पातळीवर सुरू होऊन एकत्र येतात, तिथे त्या पडतात. बीच मार्क म्हणजे ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा वळणदार रेघा. या दोन्ही खुणा नुसत्या डोळ्यांना दिसतात. कुणी मोबाइलच्या फोटोवरून ‘स्ट्रायेशन दिसल्या’ असं लिहिलं असेल, तर ते लेखकाकडे परत पाठवा. स्ट्रायेशन म्हणजे क्रॅक पुढे सरकताना पडणाऱ्या अतिसूक्ष्म रेघा, त्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघाव्या लागतात, फोटोत दिसतात ते बहुधा बीच मार्कच. उलट, बीच मार्क नाहीत म्हणून फटीग नाही, असंही कुणी लिहिलं तर अडवा. लोड न बदलता, न थांबता चालणाऱ्या मशीनमध्ये त्या रेघा उमटतीलच असं नाही.

पु-3 कडे बघा. फिलेट रेडियस म्हणजे शोल्डरच्या आतल्या कोपऱ्याची गोलाई. लेखकाच्या कच्च्या मजकुरात अशा ठिकाणी बहुतेक वेळा ‘शोल्डरचा रेडियस 0.3 मि.मी. होता’ एवढंच असतं. पण मोजलं होतं दुसरं टोक. दोन्ही टोकं एकाच कारागिराने, एकाच टूलने काढली असणार हे पटण्यासारखं आहे, तरी तो तर्क आहे. त्याची जागा कारणांच्या भागात. पुराव्याच्या भागात कुठलं टोक मोजलं आणि तुटलेलं टोक का मोजता आलं नाही, ते जसंच्या तसं लिहायचं.

पु-6 मध्ये ‘ताण मोजला नाही’ असं लिहिण्याचा मोह होतो. आपल्याला माहीत आहे ते एवढंच की नोंद नाही. फिटरने मोजून कागदावर चढवलं नसेल, असंही होऊ शकतं. त्याला विचारून त्याने ‘नाही मोजला’ म्हटलं तर ते नवं निरीक्षण होईल, त्याच्या सांगण्यावरून म्हणून.

लॅबच्या रिपोर्टात आकडे असतात आणि शेवटी लॅबचं मतही असतं. आकडे पुराव्यात घ्या. मत घ्यायचं असेल तर कारणांच्या भागात ‘लॅबच्या मते’ असं म्हणून घ्या. लॅबने म्हटलं म्हणून निष्कर्ष पुरावा होत नाही.

पायरी 4: कारणांचा भाग, आणि प्रत्येक वाक्यामागे पुराव्याचा क्रमांक

इथे नियम सोपा ठेवा. कारणाच्या वाक्यात नवी माहिती येऊ द्यायची नाही, आणि वाक्याच्या शेवटी कंसात पु-क्रमांक हवा. क्रमांक देता आला नाही तर ते वाक्य अंदाज आहे.

‘बेल्ट प्रमाणाबाहेर ताणल्याने क्रॅक गेला’ या दाव्यापुढे क्रमांक लिहायला गेलं की हाती फक्त पु-6 येतो. तो सांगतो बेल्ट बदलले. ताण किती होता ते सांगत नाही. मग दाव्याच्या विरुद्ध काही आहे का ते बघायचं. पु-2 मध्ये शेवटी तुटलेला भाग लहान आहे. शाफ्टवर एकूण लोड जास्त असेल तर क्रॅक थोडी आत गेली की उरलेलं क्षेत्र तग धरत नाही, आणि शेवटचा खडबडीत भाग मोठा राहतो. इथे शाफ्टचा जवळजवळ नऊ-दशांश भाग हळूहळू चिरत गेला तरी उरलेल्या एक-दशांशाने तो धरून ठेवला होता. म्हणजे तुटण्याच्या क्षणी लोड बेताचाच होता. काठावर चहूबाजूंनी रॅचेट मार्क असणं वेगळं काही सांगतं: क्रॅक एका जागी सुरू झाली नाही, शोल्डरच्या कोपऱ्यावर सगळीकडून सुरू झाली. फिरत्या शाफ्टवर वाकवणारा लोड असताना हे चित्र कोपऱ्यात धातूवरचा ताण फार एकवटल्याचं लक्षण मानलं जातं, आणि रेडियस जितका लहान तितका ताण जास्त एकवटतो. या मापांच्या शाफ्टसाठी 1.5 मि.मी. रेडियसला ताण सुमारे दुप्पट होतो, तर 0.3 मि.मी. ला तिपटीच्या आसपास जातो. हा आकडा तक्त्यावरून काढलेला आहे, शाफ्टवर मोजलेला नाही, म्हणून तोही इथे, कारणांच्या भागातच येतो.

वेळेचं गणितही एकदा मांडून बघावं. मिनिटाला 960 फेऱ्या म्हणजे तासाला 57,600. बेल्ट बदलल्यापासून तुटेपर्यंत तीन दिवस, साधारण 60 तास, म्हणजे 34 लाखांच्या वर फेऱ्या. शाफ्ट बसवल्यापासून 80 दिवस, 1,600 तास, म्हणजे 9 कोटींच्या वर. नुसत्या फेऱ्यांवरून क्रॅक 30 मेच्या आधी सुरू झाली की नंतर, हे ठरत नाही. 34 लाख फेऱ्यांतही क्रॅक वाढू शकते. म्हणून ‘बेल्टचा काहीही संबंध नाही’ असं लिहिलं तर आपणही मूळ लेखकाचीच चूक उलट्या दिशेने करू. बेल्टच्या जादा ताणाने आधीच असलेली क्रॅक लवकर वाढवली असेल, ही शक्यता उरते. ती उरली आहे असंच लिहायचं.

याकरता खात्रीचे शब्द ठरवून घ्या आणि अहवालभर तेच वापरा. तीन पुरे होतात: ‘पुराव्यावरून निश्चित’, ‘बहुधा’, आणि ‘तपासलेले नाही’. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य टाळा. सरकारी पत्रव्यवहारात ते चालून जातं, इथे वाचणाऱ्याला त्यातून काही करता येत नाही.

उदाहरणातला कारणांचा भाग मग असा होतो:

का-1. शाफ्ट फिरताना वाकल्याने होणाऱ्या फटीगने तुटला; क्रॅक शोल्डरच्या कोपऱ्यावर अनेक ठिकाणी सुरू झाली. पुराव्यावरून निश्चित. (पु-1, पु-2)

का-2. शोल्डरचा रेडियस ड्रॉइंगपेक्षा बराच लहान होता, त्यामुळे तिथे ताण एकवटला. बहुधा; तुटलेल्या टोकाचे माप नाही, दुसऱ्या टोकावरून निष्कर्ष. (पु-2, पु-3)

का-3. ऑर्डर नमुन्यावरून दिली गेली, त्यामुळे लेथवर काम करणाऱ्याकडे रेडियसचे माप नव्हते. बहुधा; त्याला विचारलेले नाही. (पु-7)

का-4. इनवर्ड तपासणीत रेडियस पाहिला जात नाही, त्यामुळे चूक पकडली गेली नाही. पुराव्यावरून निश्चित. (पु-7)

बाजूला ठेवलेली कारणे: मटेरियलचा कडकपणा मर्यादेत (पु-4). बेल्टचा ताण: तपासलेले नाही. शेवटी तुटलेला भाग लहान असल्याने तो मुख्य कारण असण्याला आधार नाही (पु-2, पु-6).

का-3 आणि का-4 वेगळे ठेवण्याचं कारण आहे. चूक झाली कशी आणि सुटली कशी हे दोन प्रश्न आहेत, आणि त्यांचे उपायही वेगळ्या खात्यांकडे जातात. 8डी, म्हणजे आठ टप्प्यांत समस्या सोडवण्याच्या पद्धतीचा अहवाल मागणारे ग्राहक हे दोन्ही वेगळे विचारतातच. आणि बाजूला ठेवलेली कारणं खोडून टाकू नका. मेंटेनन्सच्या माणसाला बेल्टचा संशय होता, तो का बाजूला ठेवला हे अहवालातच वाचता आलं नाही, तर पुढच्या बैठकीत तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो.

‘मटेरियल योग्य आहे’चं काय झालं तेही बघा. आता तिथे फक्त कडकपणा मर्यादेत असल्याचं लिहिलं आहे, कारण तेवढंच तपासलं. रासायनिक पृथक्करण केलं नसेल तर ‘मटेरियल’ या शब्दाला आधार नाही.

पायरी 5: उपायांचा भाग, आणि ‘शाफ्ट बदलण्यात आला’ म्हणजे नेमकं काय

प्रत्येक उपायापुढे तो कुठल्या कारणावर आहे ते लिहा. मग दोन्ही बाजूंनी तपासा: उपाय नसलेलं कारण राहिलंय का, आणि कारण नसलेला उपाय आलाय का. मूळ मजकुरातली बेल्ट टेन्शन गेज दुसऱ्या प्रकारची आहे. चांगली वस्तू आहे, घ्यायला हरकत नाही, पण ती का-1 ते का-4 पैकी कशावरच बसत नाही. तिला ‘इतर सुधारणा’ म्हणून वेगळं ठेवा. ती सुधारात्मक कृतीत राहिली तर अहवाल बंद होईल आणि शोल्डरचा कोपरा तसाच राहील.

आता ‘शाफ्ट बदलण्यात आला’. संपादकाने लेखकाला विचारायचे प्रश्न: कुठला शाफ्ट बसवला? कुठून आला? त्याचा रेडियस कुणी पाहिला? उदाहरणात उत्तर येतं की स्टोअरमध्ये होता तोच बसवला. ऑर्डर होती 3 नगांची (पु-7). एक तुटला, एक आत्ता ब्लोअरवर फिरतो आहे, तिसरा रॅकवर आहे. एकाच नमुन्यावरून केलेल्या तीन जॉबपैकी दुसरा जॉब मशीनवर चढवून मूळ अहवाल म्हणतो, पुन्हा असे होणार नाही.

त्यामुळे उपाय दोन गटांत मांडावे लागतात. आधी तात्पुरती उपाययोजना: तिसऱ्या शाफ्टला स्टोअरमध्ये लाल टॅग, ब्लोअरवर बसलेला शाफ्ट ठरलेल्या तारखेच्या आत उतरवणे, तोवर ब्लोअरजवळ उभं राहण्यावर बंधन आणि प्रत्येक शिफ्टला व्हायब्रेशनची नोंद. ही नोंद क्रॅक लवकर पकडेलच असं नाही, म्हणून तारीख जवळची हवी, आणि ती हमी नसल्याचं अहवालात लिहावं. त्यानंतर कायमचे उपाय:

उ-1 (का-2). ड्रॉइंगप्रमाणे 1.5 मि.मी. रेडियसचा नवा शाफ्ट.

उ-2 (का-3). फिरत्या भागांची खरेदी ऑर्डर ड्रॉइंग क्रमांकाशिवाय निघणार नाही. ‘नमुन्याप्रमाणे’ हा शब्द ऑर्डरच्या फॉर्ममधून काढणे.

उ-3 (का-4). इनवर्ड तपासणीच्या कागदावर शोल्डर रेडियसचा रकाना आणि 1.5 मि.मी. रेडियस गेज.

प्रत्येकापुढे जबाबदार माणसाचं पद आणि तारीख.

उ-1 दिसतो तेवढा साधा नाही, आणि इथे संपादकाने तांत्रिक प्रश्न विचारायला लाजू नये. रेडियस वाढवायचाच आहे तर 3 मि.मी. का नको, असं कुणीतरी सुचवतं. पण त्या जागी 6310 बेअरिंग बसतं आणि त्याच्या कोपऱ्याची गोलाई किमान 2 मि.मी. असते. शाफ्टचा रेडियस त्याहून मोठा झाला तर बेअरिंग शोल्डरला टेकण्याआधीच कोपऱ्यावर अडकतं आणि तिरकं बसतं. लेथवरच्या माणसाने कोपरा टोकदार ठेवला असेल तो बहुधा याच भीतीने, बेअरिंग नीट बसावं म्हणून. पण हे ‘बहुधा’ आपल्या डोक्यातलं आहे; त्याला कुणी विचारलेलं नाही, म्हणून ते अहवालात येणार नाही. उ-1 मध्ये ‘बेअरिंगच्या कोपऱ्याशी पडताळून’ एवढे शब्द मात्र घालावेत.

‘कामगारांना प्रशिक्षण देण्यात आले’ हा उपाय आला की थबका. माहिती नसणं हे कारण पुराव्यानिशी का-मध्ये आहे का? नसेल तर प्रशिक्षण काढा किंवा इतर सुधारणांत टाका.

पायरी 6: पडताळणी, गोषवारा आणि लेखकाकडे परत

‘पुन्हा असे होणार नाही’ या वाक्याच्या जागी पडताळणी कशी आणि कधी, ते यायला हवं. मुदत ठरवताना पु-5 बघा. खराब शाफ्टसुद्धा 80 दिवस चालला होता. नवा शाफ्ट 30 दिवस नीट चालला म्हणून उपाय लागू पडला असं म्हणता येणार नाही. 1,600 तासांच्या बरंच पुढे, समजा 2,400 तासांनंतरच्या शटडाउनमध्ये, शोल्डरची डाय पेनिट्रंट तपासणी, म्हणजे रंगीत द्रव लावून क्रॅक शोधण्याची तपासणी, ठेवावी. शोल्डरचा कोपरा बेअरिंगच्या आतल्या रिंगमागे झाकलेला असतो, बेअरिंग काढल्याशिवाय तिथे डाय पोचत नाही. हे लिहिलं नाही तर कुणीतरी बाहेरून दिसतो तेवढा शाफ्ट तपासून सही करेल.

गोषवारा सगळ्यात शेवटी लिहा आणि त्यात फक्त क्रमांक असलेल्या वाक्यांतलंच घ्या. साहेब लोक गोषवाराच वाचतात, त्यामुळे इथेच ‘बहुधा’ गळून पडतं आणि ‘रेडियस कमी असल्याने शाफ्ट तुटला’ असं ठाम वाक्य तयार होतं. का-2 मधला खात्रीचा शब्द गोषवाऱ्यातही तसाच आला पाहिजे.

बदललेला मजकूर लेखकाकडे परत जातो, आणि तो बदल दिसतील अशा रीतीने. संपादकाने वाक्य फोडावं, जागा बदलावी, क्रमांक द्यावा. कारण बदलण्याचा अधिकार त्याचा नाही. बेल्टचं कारण बाजूला गेलं ते लेखकाला मान्य हवं. त्यासाठी समासात प्रश्न लिहा, हुकूम नको: ‘30 मेला ताण मोजला होता का? मोजला असल्यास आकडा पु-6 मध्ये घेऊ.’ अशा प्रश्नाला माणूस उत्तर देतो. ‘आधार नाही’ असा शेरा मारला की तो हट्टाला पेटतो, आणि फिटरच्या डायरीत कदाचित सापडला असता तो आकडा कधीच कागदावर येत नाही.

अहवालाच्या पहिल्या पानावर ‘स्थिती’ हा रकाना असतो. उ-1 ते उ-3 पूर्ण झाले तरी 2,400 तासांच्या तपासणीपर्यंत तिथे ‘कृती पूर्ण, पडताळणी बाकी’ असंच राहू द्या, आणि तपासणीची तारीख मेंटेनन्सच्या शटडाउन यादीत चढली आहे का ते स्वतः जाऊन बघा.